विश्लेषण : गरोदरपणात मोबाइल, लॅपटॉप, मायक्रोवेव्ह वापरावा का? भीती कुठून आली आणि पुरावे काय सांगतात?

गरोदरपणाची बातमी घरात कळली की पथ्यांची यादी सुरू होते. पपई नको, जड उचलायचं नाही, संध्याकाळी उंबऱ्यावर बसायचं नाही. गेल्या काही वर्षांत या यादीत नवी भर पडली आहे. मोबाइल पोटाजवळ धरायचा नाही, लॅपटॉप मांडीवर नको, मायक्रोवेव्ह चालू असेल तर स्वयंपाकघरातून बाहेर जायचं. काही घरांत तर सासूबाई किंवा आई सुनेचा, लेकीचा फोनच काढून घेतात. ‘रेडिएशनने बाळाला त्रास होतो’ हे वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर इतक्या वेळा येऊन गेलेलं असतं की ते कुणी म्हटलं, कशाच्या आधारे म्हटलं, हे विचारायचं राहूनच जातं.

ही भीती मात्र हवेतून आलेली नाही. तिच्यामागे खरे अभ्यास आहेत आणि त्यातले काही मोठे आहेत. त्या अभ्यासांत नेमकं काय सापडलं आणि बातमी होता होता त्याचं काय झालं, हे पाहण्यासारखं आहे.

‘रेडिएशन’ या एका शब्दाने घोळ कसा केला?

मराठीत एक्स-रे, अणुभट्टी, मोबाइल टॉवर या सगळ्यांसाठी सर्रास ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द वापरला जातो. खरं तर किरणोत्सर्ग ही अस्थिर अणुकेंद्रांतून होणारी गोष्ट आहे. मोबाइलमधून निघतात त्या रेडिओलहरी, म्हणजे नुसतं प्रारण. एक्स-रेच्या एका कणात रेणूमधले इलेक्ट्रॉन उडवून डीएनए तोडण्याइतकी ऊर्जा असते. त्यासाठी साधारण दहा इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. मायक्रोवेव्ह ओव्हनमधल्या किंवा वाय-फायच्या लहरींच्या एका कणात त्याच्या दहा लाखाव्या भागाइतकीच ऊर्जा असते. दिव्याचा उजेडसुद्धा या बाबतीत कितीतरी पुढे आहे.

म्हणजे या लहरी काहीच करत नाहीत असं नाही. त्या पाण्याच्या रेणूंना हलवतात आणि त्यातून उष्णता तयार होते. म्हणून इथे मोजायची गोष्ट आहे ती ऊब. शरीराच्या एक किलो भागात किती वॅट ऊर्जा शोषली जाते, त्याला ‘एसएआर’ म्हणतात. प्रयोगांत असं दिसलं आहे की संपूर्ण शरीरात किलोमागे सुमारे चार वॅट इतकी ऊर्जा बराच वेळ शोषली गेली तर शरीराचं तापमान साधारण एक अंशाने चढतं. आंतरराष्ट्रीय मर्यादा ठरवताना त्याला पन्नासने भागून सामान्य माणसासाठी ०.०८ वॅट हा आकडा घेतला गेला. यात एक तरतूद गरोदर स्त्रियांसाठी महत्त्वाची आहे. रेडिओ यंत्रणेवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी ही मर्यादा पाचपट सैल असते, पण कर्मचारी गरोदर असेल तर तिला सामान्य नागरिकाचीच कडक मर्यादा लागू करावी, असं आंतरराष्ट्रीय आयोगाच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलं आहे. कारण पोटातलं बाळ काही कर्मचारी नसतं.

कानाला लावलेल्या फोनमधून पोटापर्यंत किती पोहोचतं?

हे गणित शाळेतल्या भौतिकशास्त्रावर करता येतं. फोरजी फोन जास्तीत जास्त ०.२ वॅट ताकदीने लहरी सोडतो. फोन कानाशी आणि गर्भाशय त्यापासून साधारण अर्धा मीटर दूर, असं धरू. ०.२ वॅट अर्धा मीटर त्रिज्येच्या गोलावर पसरवले तर एका चौरस मीटरला ०.०६ वॅटच्या आसपास येतात. फोरजीच्या २३०० मेगाहर्ट्झ पट्ट्यासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा १० वॅट आहे. भारताने सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठी ती दहापट कमी करून १ वॅट केली. म्हणजे फोन पूर्ण ताकदीने चालू आहे असं मानलं तरी पोटाच्या त्वचेपर्यंत जे पोहोचतं ते भारताच्या कडक मर्यादेच्या सोळाव्या भागाइतकं आहे. पुढे त्वचा, चरबी, स्नायू आणि गर्भजल यांतून जाताना दर दोन-तीन सेंटिमीटरला ते आणखी घटत जातं.

फोन थेट पोटावर ठेवला तर हा हिशोब बदलतो, आणि ते मान्य करायला हवं. तिथे अंतराचा फायदा मिळत नाही. मात्र फोन विकायला परवानगी मिळण्यापूर्वी जवळपास याच परिस्थितीची, म्हणजे तो शरीराच्या अगदी जवळ पूर्ण ताकदीने चालू असण्याची, चाचणी होते. भारतात कुठल्याही एक ग्रॅम ऊतीत किलोमागे १.६ वॅटपेक्षा जास्त ऊर्जा शोषली जाता कामा नये, असा नियम आहे. तुलनेसाठी सांगायचं तर स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर स्वतःच किलोमागे एक वॅटहून थोडी जास्त उष्णता तयार करत असतं. आपल्या फोनचा आकडा पाहायचा असेल तर डायलरवर *#07# टाइप करावं.

मात्र त्या आकड्यापेक्षा जास्त फरक पडतो तो सिग्नलमुळे. टॉवर जवळ असेल तर फोन आपली ताकद हजार-हजारपटीने खाली आणतो. लिफ्टमध्ये, तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा घाटात एकच कांडी दिसत असताना तोच फोन पूर्ण ताकद लावतो. ज्यांना लहरींचं प्रमाण कमी करायचंच आहे त्यांनी महागडा ‘कमी एसएआर’ फोन शोधण्यापेक्षा सिग्नल कमी असताना लांबलचक बोलणं टाळावं आणि इअरफोन किंवा स्पीकर वापरावा. त्याला खर्च काही नाही.

डेन्मार्कच्या अभ्यासाचं प्रकरण काय?

गरोदरपणात मोबाइल वापरल्याने मुलं चंचल होतात, हा दावा जिथून सुरू झाला तो अभ्यास २००८ मध्ये ‘एपिडेमिऑलॉजी’ या नियतकालिकात आला. डेन्मार्कमध्ये १९९६ ते २००२ या काळात हजारो गरोदर स्त्रियांची नोंद करून त्यांच्या मुलांचा पुढे माग ठेवण्यात आला होता. मुलं सात वर्षांची झाल्यावर आयांना प्रश्नावली पाठवली गेली. मुलाचं वागणं कसं आहे, हे त्यात विचारलं होतं. त्याच प्रश्नावलीत गरोदर असताना मोबाइल किती वापरलात, हेही विचारलं होतं. १३,१५९ मुलांच्या माहितीतून असं दिसलं की जन्माआधी आणि जन्मानंतर दोन्ही वेळा मोबाइलशी संबंध आलेल्या मुलांत वागणुकीच्या तक्रारींची शक्यता १.८ पट होती.

बातम्यांत याचं ‘८० टक्के धोका’ झालं. आकडा खोटा नव्हता, पण तो कशाच्या ८० टक्के हे गळलं. समजा शंभरातल्या तीन मुलांमध्ये अशा तक्रारी असतील, तर १.८ पट म्हणजे पाचच्या आसपास मुलं. उरलेल्या पंचाण्णव मुलांच्या आयांनीही तितकाच फोन वापरलेला असतो.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे तो कारणाचा. सात वर्षांपूर्वी दिवसाला किती फोन केले, हे कुणाला नेमकं आठवतं? आणि ज्या आईला आज मुलाच्या चंचलपणाने जेरीला आणलं आहे, ती ‘माझं काय चुकलं’ असा विचार करत जुन्या सवयी जास्त आठवते, हेही संशोधकांना ठाऊक असतं. शिवाय १९९६ ते २००२ या काळात मोबाइल सगळ्यांकडे नव्हता. ज्यांच्याकडे होता आणि ज्या तो खूप वापरत होत्या त्या स्त्रिया न वापरणाऱ्यांपेक्षा इतर बाबतींतही वेगळ्या होत्या. त्यांच्यात सिगारेट ओढणाऱ्यांचं प्रमाण जास्त होतं, आर्थिक स्तर वेगळा होता. आकडेशास्त्राने असे फरक बाजूला काढायचा प्रयत्न होतो, पण जे मोजलेलंच नाही ते कसं काढणार? हा संबंध कार्यकारण नसू शकतो, असं त्या लेखकांनी शोधनिबंधाच्या सारांशातच लिहून ठेवलं होतं. बातम्यांत ते वाक्य क्वचितच आलं.

पुढची गोष्ट अशी की त्याच चमूने २०११ मध्ये त्याच डॅनिश माहितीतून सहा आणि अठरा महिन्यांच्या बाळांचा विकास तपासला. मान धरणं, बसणं, बोलायला लागणं यांत मोबाइलमुळे उशीर झाल्याचं दिसलं नाही. २०१२ मध्ये त्यांनी आणखी २८,७४५ मुलांवर वागणुकीचा अभ्यास पुन्हा केला. संबंध पुन्हा दिसला, पण तो १.८ वरून १.५ वर आला. नेदरलँड्समधल्या २,६१८ मुलांच्या अभ्यासात २०१३ मध्ये तो दिसलाच नाही.

नॉर्वेत ४५ हजारांहून जास्त माता-मुलांच्या माहितीवर झालेला २०१७ चा अभ्यास तर उलट्या दिशेला गेला. तिथे गरोदर असतानाच आयांना फोनबद्दल विचारलं होतं, त्यामुळे आठवणीचा घोळ नव्हता. फोन वापरणाऱ्या आयांच्या मुलांची भाषा तिसऱ्या वर्षी किंचित चांगली निघाली. आता यावरून ‘गरोदरपणात फोनवर बोला, मूल बोलकं होईल’ असं कुणी म्हणणार नाही. फोनवर भरपूर बोलणाऱ्या आया मुलाशीही भरपूर बोलत असाव्यात, हे साधं स्पष्टीकरण पटकन सुचतं. हाच निकष मग चंचलपणाच्या निष्कर्षालाही लावायला हवा.

त्याच वर्षी डेन्मार्क, दक्षिण कोरिया, नेदरलँड्स, नॉर्वे आणि स्पेन या पाच देशांची माहिती एकत्र केली गेली. एकूण ८३,८८४ माता-मुलं. सर्वात जास्त फोन वापरणाऱ्या आयांच्या मुलांत अतिचंचलपणाची शक्यता १.२८ पट आढळली, आणि ती देशागणिक फारशी बदलली नाही. हा निष्कर्ष झटकून टाकण्यासारखा नाही. पण फोनचा संबंध लहरींशीच असेल असंही नाही. दिवसभर फोनवर असलेल्या आईची धावपळ, ताण, तिचा स्वतःचा स्वभाव, नंतर मुलाकडे मिळणारा वेळ, यातलं काहीही दोन्हींमागे असू शकतं. संशोधकांनीही अर्थ लावताना हीच शंका नोंदवली आहे.

प्राण्यांवर झालेल्या प्रयोगांचा जागतिक आरोग्य संघटनेने मागवलेला आढावा २०२३ मध्ये आला. लहरी सोडलेल्या प्राण्यांच्या गर्भाचं वजन काही प्रयोगांत कमी भरलं. मात्र बऱ्याच प्रयोगांतली मात्रा माणसांसाठीच्या मर्यादेपेक्षा खूप जास्त, म्हणजे शरीर तापवणारी होती. आयएआरसी या संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरींना ‘२ बी’ म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकलं, त्याचाही उल्लेख नेहमी होतो. तो गर्भाबद्दल नव्हता. फोन वापरणाऱ्यांच्या मेंदूतल्या गाठींबद्दलच्या मर्यादित पुराव्यावर तो आधारलेला होता.

लॅपटॉप मांडीवर घ्यावा की नाही?

ऑफिसच्या पडद्यांची भीती लॅपटॉपपेक्षा जुनी आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेत जाडजूड काचेच्या नळीचे संगणक आले तेव्हा काही कार्यालयांत एकामागोमाग गर्भपात झाल्याच्या तक्रारी आल्या. मग तिथल्या सरकारी संस्थेने टेलिफोन ऑपरेटर स्त्रियांचे दोन गट तपासले. काम जवळपास सारखं, फरक इतकाच की एका गटासमोर असा पडदा होता आणि दुसऱ्यासमोर नव्हता. ७३० स्त्रिया, ८८२ गर्भारपणं. १९९१ मध्ये निष्कर्ष आला तेव्हा पडद्यासमोर बसणाऱ्यांत गर्भपाताचं प्रमाण १४.८ टक्के होतं, न बसणाऱ्यांत १५.९ टक्के. सुमारे सातातलं एक गर्भारपण दोन्ही गटांत टिकलं नाही. हा आकडा मोठा वाटतो, पण सुरुवातीच्या महिन्यांत गर्भपात तितकेच सर्रास होतात. म्हणूनच एका कार्यालयात तीन-चार घटना लागोपाठ घडल्या की कारण शोधलं जातं आणि समोर असतो तो संगणक.

आजच्या लॅपटॉपमधला वाय-फाय ०.१ वॅटच्या आसपास चालतो. मांडीवरच्या लॅपटॉपची खरी अडचण म्हणजे त्याचा गरम होणारा तळ. तासन्‌तास तो उघड्या मांडीवर ठेवला तर त्वचेवर जाळीसारखे तांबूस-तपकिरी डाग पडतात. ही नोंदवलेली गोष्ट आहे. पण त्याने बाळ तापत नाही. कारण त्वचेखालचं रक्त ती ऊब वाहून नेतं. गर्भाला घातक ठरते ती आईच्या आतल्या तापमानाची वाढ, साधारण ३९ अंशांच्या वर, आणि तीही मुख्यतः पहिल्या काही आठवड्यांत. ती ताप आल्याने होते, खूप गरम पाण्याच्या टबात बसून राहिल्याने होते. पहिल्या तिमाहीत ताप आला आणि तो अंगावर काढला, हे लॅपटॉपपेक्षा कितीतरी गंभीर आहे.

याच संदर्भात २०१७ च्या शेवटी सॅन फ्रान्सिस्को परिसरातला एक अभ्यास गाजला. ९१३ गरोदर स्त्रियांनी २४ तास चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र अंगावर बाळगलं. कमी क्षेत्राच्या गटात गर्भपाताचं प्रमाण १०.४ टक्के होतं, जास्तीच्या गटात २४.२. बातम्यांत याच्यासोबत वाय-फाय राउटर आणि मोबाइलची चित्रं झळकली. यंत्राने मोजलेलं क्षेत्र मात्र कमी वारंवारतेचं होतं, म्हणजे विजेच्या तारा, ट्रान्सफॉर्मर, मिक्सर, मोटारी यांचं.

या आकड्यावर घेतली गेलेली हरकत फार रंजक आहे, आणि ती मळमळीबद्दल आहे. गर्भ नीट वाढत असेल तर पहिल्या तिमाहीत मळमळ जास्त होते. मळमळणारी स्त्री घरात पडून राहते. गर्भ आधीच टिकणार नसेल तर मळमळ कमी असते. ती स्त्री बाहेर पडते, दुकानात जाते, लोकलने फिरते, आणि जितकी फिरेल तितक्या जास्त चुंबकीय क्षेत्रांजवळून जाते. अशा वेळी यंत्रावरचा मोठा आकडा गर्भपाताचं कारण नसून होऊ घातलेल्या गर्भपाताची सावली असू शकतो. संशोधकांनी मळमळ आणि हालचालीचा हिशोब घेण्याचा प्रयत्न केला होता, पण तो पुरेसा होता का यावर वाद आहे.

लॅपटॉपवर आठ तास काम करणाऱ्या गरोदर स्त्रीला डॉक्टर मध्ये मध्ये उठून चाला असं सांगतात, त्याचा लहरींशी संबंध नाही. गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते आणि एकाच जागी बसून पायांतलं रक्त साचतं.

मायक्रोवेव्हसमोर उभं राहावं का?

ओव्हनच्या दारातल्या जाळीकडे नीट पाहिलं तर तिची भोकं एखाद्या मिलिमीटरची दिसतात. आतल्या लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते. एवढी लांब लहर त्या भोकातून निसटत नाही, उजेड मात्र सहज येतो, म्हणून आतलं ताट दिसतं. दार उघडताच कुलपाचे स्विच वीज तोडतात आणि लहरी त्याच क्षणी थांबतात. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साठून राहत नाही, तसंच हे आहे. अन्नातही काही ‘उरत’ नाही.

थोडी गळती होते, आणि तिला मर्यादा आहे. दारापासून ५ सेंटिमीटरवर चौरस मीटरला ५० वॅट. अर्ध्या मीटरवर हीच गळती साधारण शंभरावा भाग, म्हणजे अर्धा वॅट उरते. ओट्यापाशी पाऊलभर मागे उभं राहिलं की प्रश्न मिटतो. बिजागरी वाकली असेल, खटका तुटला असेल, जाळी फाटली असेल किंवा दार उघडं असताना ओव्हन चालत असेल, तर मात्र तो वापरू नये. मग घरात कुणी गरोदर असो वा नसो.

बंद ओव्हनमध्ये फोन ठेवून बाहेरून कॉल करायचा, वाजला तर ओव्हन ‘गळका’, ही चाचणी समाजमाध्यमांवर फिरते. तिला अर्थ नाही. फोन इतका संवेदनशील असतो की एक वॅटचा लाखो-कोटींवा अंश पोहोचला तरी तो वाजतो. चांगल्या ओव्हनमध्येही तो वाजेल.

मायक्रोवेव्हचा गरोदर स्त्रीला असलेला धोका ताटात असतो. ओव्हन अन्न सारखं गरम करत नाही. कडा उकळतात आणि मध्यभाग थंड राहतो. शिळ्या अन्नात, विशेषतः फ्रीजमध्येही वाढणारे लिस्टेरिया जिवाणू असतील तर ते त्या थंड भागात जगतात. आईला साधा ताप येतो, पण गर्भपात किंवा अकाली प्रसूती होऊ शकते. त्यामुळे मध्येच ढवळून पूर्ण वाफ येईपर्यंत, म्हणजे सगळीकडे ७४ अंश होईपर्यंत गरम करावं आणि दोन मिनिटं झाकून ठेवावं. बाहेर राहिलेला भात मात्र पुन्हा गरम करूनही सुरक्षित होत नाही. त्यातल्या जिवाणूंचं विष उष्णतेने जात नाही. ‘मायक्रोवेव्ह सेफ’ डबा वितळत नाही, एवढीच हमी असते. काचेचं भांडं सोपं पडतं.

‘अँटी-रेडिएशन’ एप्रन आणि स्टिकर घ्यावेत का?

अमेरिकेच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने अशा स्टिकरबद्दल अनेक वर्षांपूर्वीच इशारा दिला आहे. ते सिग्नल अडवतात, त्यामुळे फोन जास्त ताकद लावतो. उलटच होतं.

जिथे खरोखर जपायला हवं अशी एक जागा आहे, ती म्हणजे फिजिओथेरपीतलं मायक्रोवेव्ह डायथर्मीचं यंत्र. ते ऊतींना मुद्दाम तापवतं. ते वापरणाऱ्या अमेरिकी फिजिओथेरपिस्ट स्त्रियांत गर्भपाताचं प्रमाण थोडं जास्त आढळल्याचा अभ्यास १९९३ मध्ये आला होता. गरोदर रुग्णाच्या पोटा-कमरेवर हे यंत्र लावत नाहीत आणि गरोदर थेरपिस्टने ते चालू असताना लांब राहावं.

घरात सुनेचा फोन काढून घेण्याआधी आणखी एक माहिती लक्षात घ्यावी. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाची ‘किलकारी’ सेवा गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला फोनवर एक ध्वनिसंदेश पाठवते, एकूण ७२. रक्तवाढीच्या गोळ्या कधी घ्यायच्या, कुठल्या लक्षणांवर तातडीने दवाखाना गाठायचा, हे त्यात असतं. मुंबईतल्या ‘आरमन’ संस्थेची ‘एममित्र’ सेवाही अशीच फोनवर चालते. आणि रात्री अंगावरून रक्त गेलं, डोकं भयंकर दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर १०८ ला फोन तिलाच करावा लागू शकतो. तो उशाखाली ठेवण्याऐवजी हाताच्या अंतरावर, रिंग चालू करून ठेवला तर झोपही मोडत नाही.